स्वप्नातला आकडा आणि तिकिटावरचा आकडा

«आम्ही नागपूरला राहतो. बाबांना काही स्वप्न पडलं की त्यावरून आकडा काढतात, जन्मतारखेचाही हिशोब करतात आणि मग लॉटरीचं तिकीट घेतात. म्हणतात, तीन-चारदा बरोबर आलं. यात खरंच काही असतं का? त्यांना काय सांगू?»

सोडतीत कोणता आकडा येणार हे स्वप्नाला कळत नाही, जन्मतारखेलाही नाही. पण तीन-चारदा बरोबर आलं असं बाबा म्हणतात ते खोटं नसणार. ते कसं येतं हे नीट उलगडून पाहिलं तर घरात वाद न घालता बोलता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मामांचं सीताबर्डीत लॉटरीच्या तिकिटांचं छोटं दुकान होतं. कॉलेजच्या काळात मी तिथे बसायचो, पुढे संख्याशास्त्र शिकवायला लागलो. इतवारीतले एक शिंपीकाका नेहमी यायचे. तिकिटांचा गठ्ठा हातात घेऊन पत्ते पिसल्यासारखा उघडायचे आणि फक्त शेवटचा आकडा पाहत अंगठा पुढे सरकवायचे. एकदा त्यांना स्वप्नात आई विहिरीवर दिसली, हातात दोन बादल्या. दोन बादल्या म्हणून त्यांनी शेवटी २ असलेलं तिकीट घेतलं. निकालात शेवटचा आकडा आला ७. दुसऱ्या दिवशी काका आनंदात: "आई सातच म्हणून राहिली होती भाऊ, मीच दोन ऐकलं!"

सातच का? सट्टापट्टीच्या, म्हणजे नुसत्या आकड्यावर पैसे लावायच्या जुगाराच्या दुनियेत प्रत्येक आकड्याचा एक "कट" धरतात. आकड्यात ५ मिळवले की कट निघतो, म्हणजे १ चा ६, २ चा ७, ३ चा ८, ४ चा ९, ५ चा ०. काकांच्या डोक्यात २ आणि ७ ही एकच जोडगोळी होती. त्यांचं तिकीट रिकामं गेलं, एक रुपया मिळाला नाही, तरी स्वप्न खरं झालं ही नोंद मनात पक्की बसली. तुमच्या बाबांच्या तीन-चार वेळांपैकी किती वेळा पैसे हातात आले आणि किती वेळा नुसता आकडा "जवळून गेला", हे त्यांना सहज गप्पांमध्ये विचारून पाहा. सगळी गोम याच फरकात आहे.

एकच आकडा धरला तर शेवटचा अंक जुळण्याची शक्यता दहात एक. कट धरला की दहात दोन. दोन आकड्यांच्या जोडीत तर याहून मोकळीक आहे. समजा स्वप्नातून १२ निघाला. त्याची पलटी २१. मग दोन्ही अंकांचे कट घेतले की १७, ६२, ६७ आणि त्यांच्या पलट्या ७१, २६, ७६. एका स्वप्नातून शंभरातल्या आठ जोड्या निघाल्या आणि त्यातली कुठलीही आली तरी स्वप्नच बरोबर ठरतं. स्वप्न सांगताना मात्र आठ आकडे कोणी सांगत नाही. निकाल लागल्यावर आठांतला जो जुळतो तेवढाच आठवतो.

अंकशास्त्राचं गणितही असंच चालतं. एक उदाहरण घेऊ. सुरेश नावाचे कोणी आहेत आणि जन्म २३ ऑगस्ट १९६१ चा आहे असं धरा. तारखेवरून मूलांक २+३ म्हणजे ५. पूर्ण तारखेची बेरीज ३०, म्हणून भाग्यांक ३. नावाचा अंक काढायला इंग्रजी स्पेलिंगच्या अक्षरांना अंक देतात. कीरो नावाच्या भविष्य सांगणाऱ्याच्या नावाने चालणारी जी पद्धत आपल्याकडे जास्त दिसते तिच्यात कुठल्याच अक्षराला ९ देत नाहीत. तिने सुरेशची बेरीज २४ येते, म्हणजे ६. दुसरी पद्धत इंग्रजी अक्षरांना क्रमाने १ ते ९ देत जाते. तिने बेरीज २७, म्हणजे ९. तोच माणूस, तेच नाव, तेच स्पेलिंग आणि नामांक दोन. दोन्ही पद्धती एकदमच बरोबर असू शकत नाहीत, आणि कोणती बरोबर हे ठरवायला कुठलीही कसोटी नाही.

आता सुरेशरावांनी पहिली पद्धत धरली आणि ५, ३, ६ हे आपले लकी आकडे मानले. निकालाचे शेवटचे दोन अंक पाहायचे. दोनांपैकी एक जरी लकी असला तरी आपला आणि दोघांची बेरीज करून लकी आकडा आला तरीही आपला. लोक मनात नेमकं हेच करतात. मी ००पासून ९९पर्यंत मोजून काढलं आहे. शंभरांपैकी ५१ आकड्यांत ३, ५ किंवा ६ दिसतो. उरलेल्यांतल्या ११ आकड्यांत दोन अंकांची बेरीज लकी येते, उदाहरणार्थ ४८ म्हणजे १२, म्हणजे ३. एकूण ६२. शंभरातले बासष्ट आकडे त्यांचेच! दर तीन सोडतींत जवळजवळ दोनदा "आपला आकडा" दिसणार. एवढ्या मोठ्या जाळ्यात मासा आला नाही तरच नवल. पण मोठं बक्षीस पूर्ण नंबरावर असतं आणि चार अंकी शेवटाच्या छोट्या बक्षिसालाही शक्यता दहा हजारांत एक असते. मनाला "लागला" वाटायला एक अंक पुरतो, तिकिटाला पुरत नाही.

स्वप्नाबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. इटलीतल्या नेपल्समध्येही स्वप्नातून लॉटरीचे आकडे काढायची फार जुनी परंपरा आहे. तिथे मेलेला माणूस स्वप्नात दिसला तर ४७ आणि तो बोलला तर ४८. तिथले स्वप्नांक १ ते ९० इतकेच, कारण तिथल्या लॉटरीत १ ते ९० आकडे असतात. आपल्याकडे सट्टापट्टीत ० ते ९ चा खेळ, म्हणून तीच मेलेली आई स्वप्नात आली की तिच्यातून एक अंक निघतो. आकडा आधी स्वप्नात असता तर तो खेळाच्या नियमाप्रमाणे बदलला नसता. आपण जो खेळ खेळतो, त्याच्या मापाचा आकडा आपणच स्वप्नातून कापून काढतो.

लकी आकडा खरोखर लागल्याचंही एक उदाहरण देतो, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. ३० मार्च २००५ ला अमेरिकेतल्या पॉवरबॉल लॉटरीत दुसरं बक्षीस एकदम ११० जणांना लागलं. काहीतरी लबाडी असेल म्हणून चौकशी झाली. निघालं काय, तर चिनी हॉटेलांत जेवणानंतर देतात त्या बिस्किटांतल्या चिठ्ठीवर छापलेले "लकी नंबर" यातल्या बहुतेकांनी लावले होते आणि सहापैकी पाच आकडे जुळले. एकाच कारखान्याची बिस्किटं देशभर जात होती. अशा असंख्य चिठ्ठ्या कित्येक वर्षं छापल्या गेल्या, त्यातली एक कधीतरी जुळली. बाकीच्या चिठ्ठ्यांची बातमी झाली नाही. आकडा सांगणाऱ्या महाराजांचंही असंच असतं. दहा जणांना दहा वेगळे आकडे दिले की एक जण पेढे घेऊन परत येतोच, आणि उरलेले नऊ कुणाला सांगायला जात नाहीत.

बाबांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, वही ठेवा. सोडतीच्या आधी बाबांनी तारीख, स्वप्न आणि शेवटचा एकच अंक स्वतःच्या हाताने लिहायचा. कट नाही, पलटी नाही. शेजारच्या रकान्यात घरातल्या लहान मुलाने ० ते ९ च्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून काढलेला अंक लिहायचा. तिकीट घ्यायचीही गरज नाही, पेपरात येणाऱ्या निकालाशी ताडून पाहिलं तरी चालतं. अशा नव्वद सोडती झाल्या की दोन्ही रकान्यांत साधारण नऊच्या आसपास अंक जुळलेले दिसतील. चार जुळले किंवा चौदा जुळले तरी तो नशिबाचा नेहमीचा चढउतार आहे. म्हणून बाबांचे तेरा आले तर तुम्ही घाबरू नका आणि पाच आले तर "बघा" म्हणून टोमणा मारू नका. दहा-पंधरा सोडतींवरून तर काहीच ठरत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच थांबून निष्कर्ष काढतात.

आता त्यांना काय सांगायचं. गठ्ठ्यातलं प्रत्येक तिकीट सारखंच आहे. बाबांनी आजीच्या आठवणीने शेवटी २ असलेलं तिकीट उचललं तर त्यांची शक्यता वाढत नाही, तशी कमीही होत नाही. तेवढा विश्वास असू द्या, त्याने कुणाचं काही जात नाही. स्वप्नावरून तिकीट निवडणं वेगळं आणि स्वप्नावरून तिकिटांची संख्या ठरवणं वेगळं. "आज पक्कं दिसलं आहे" म्हणून एकाच्या जागी वीस तिकिटं घेतली जातात, तिथून नुकसान सुरू होतं. म्हणून महिन्याची रक्कम आधी ठरवा आणि कितीही स्पष्ट स्वप्न पडलं तरी ती बदलायची नाही एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

अजून एक गोष्ट नक्की विचारा, बाबा घेतात ते खरंच लॉटरीचं तिकीट आहे का? १९९८ च्या लॉटरी कायद्यानुसार एका अंकावर बक्षीस देता येत नाही. म्हणजे कोणी कागदाच्या चिटोऱ्यावर एकच अंक लिहून पैसे घेत असेल तर ती सट्टापट्टी आहे, बेकायदा. तिथला साधारण भाव एकाला नऊ. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात. म्हणजे गावभरच्या सगळ्यांच्या स्वप्नांची बेरीज केली तरी शंभराचे नव्वदच होतात. कुठला अंक चांगला हा प्रश्नच तिथे उरत नाही.

उधारी होत असेल, गेलेले पैसे भरून काढायला दुप्पट लावणं सुरू झालं असेल किंवा घरात लपवाछपवी दिसत असेल, तर विषय स्वप्नाचा राहिलेला नाही. मग आकडेमोड समजावत बसू नका. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारने ठेवलेला टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीतही दाखवता येतं. पहिल्यांदा तुम्ही एकटेच जाऊन विचारलं तरी चालेल, बाबांना लगेच न्यायलाच हवं असं नाही.