नातेवाईकांना नियोजन सांगणे आणि घरातला अभ्यासाचा वेळ राखणे

प्रश्न : मी नोकरी न करता घरी राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. घरी येणारे नातेवाईक चुलत भावाशी तुलना करतात, "अजून किती वर्षे?" असे विचारतात आणि त्यात अभ्यासाचे तास जातात. वाद न घालता त्यांना कसे सांगावे?

उत्तर : अशा वेळी अभ्यासक्रम किती मोठा आहे आणि स्पर्धा किती आहे हे आपण सांगत बसतो, पण विचारणाऱ्याची शंका वेगळीच असते. या तयारीचा शेवट त्याला दिसत नसतो, म्हणून तो दर भेटीत तोच प्रश्न विचारतो. त्याला शेवट दाखवावा. त्यासाठी पुढची परीक्षा कधी आहे, निकाल साधारण कधी अपेक्षित आहे आणि निकाल मनासारखा लागला नाही तर तुम्ही काय करणार आहात, एवढे सांगितले तरी पुरते. यातला शेवटचा भाग बहुधा सांगायचाच राहतो आणि माझ्या मते सगळा दबाव तिथूनच येतो.

हे आधी आईवडिलांशी बोलावे, तेही पाहुणे नसताना. नातेवाईक तुमच्यापेक्षा त्यांनाच अधिक वेळा विचारतात, आणि ते गप्प राहिले किंवा "बघू या काय होते ते" म्हणाले, तर तुमच्याकडे काही योजनाच नाही असा अर्थ काढला जातो. तारखा आणि पर्यायी मार्ग एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. खर्चाचा प्रश्न असेल तर तोही त्याच बैठकीत मोकळेपणाने बोलून घ्या. घरच्यांनाच योजना मान्य नसेल, तर बाहेरच्यांना कितीही नीट सांगितले तरी उपयोग होत नाही. आधी तो मतभेद मिटवावा लागतो.

त्यानंतर नातेवाइकांसाठी दोन-तीन वाक्यांचे एकच उत्तर ठरवून ठेवावे. समजा काका म्हणाले, "तुझ्याच वयाचा आपला तो बघ, नोकरीला लागून स्थिरावलासुद्धा." त्यावर भावाच्या नोकरीत उणे शोधू नका आणि आपली बाजू लढवू नका. एवढेच म्हणा : "काका, त्याचे छान चालले आहे, मला आनंद वाटतो. माझी परीक्षा जूनमध्ये आहे. निवड झाली नाही तर त्यानंतर मी नोकरीसाठी अर्ज करणार आहे, हे आईबाबांशी बोलून ठरवले आहे." काकांनी पुन्हा तोच विषय काढला तर तेच उत्तर, जवळपास त्याच शब्दांत आणि त्याच स्वरात द्यावे, नवे मुद्दे जोडले की नवे प्रश्न निघतात आणि चर्चा लांबते. गुण किंवा क्रमांक यांचे आश्वासन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नसतात. सराव परीक्षांचे गुणही पाहुण्यांना सांगू नयेत, नाहीतर पुढच्या भेटीत तुलनेला नवा आकडा मिळतो. मात्र जी मुदत सांगाल ती पाळण्याची तयारी ठेवा. मुदत एकदा सरकली की पुढच्या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही.

अभ्यासाच्या तासांत मात्र हे स्पष्टीकरणसुद्धा देऊ नये. काम अर्धवट सोडून उठल्यावर लक्षाचा काही भाग त्या कामातच अडकून राहतो, हे व्यवस्थापन विषयाच्या संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 च्या संशोधनात मांडले. उठण्यापूर्वी आपण कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचे आहे याची छोटी नोंद केली, तर ही अडचण कमी होते, असे त्यांना नंतरच्या संशोधनात आढळले. घरात ही नोंद फार उपयोगी पडते. समजा तुमचा वेळ सायंकाळी 7 ते 9 आहे आणि 7:30 ला आत्या आली. वहीच्या कडेला "उदाहरण 6, दुसरी पायरी तपासायची" असे लिहा, बाहेर येऊन पाचेक मिनिटे तिची विचारपूस करा आणि म्हणा, "आत्या, माझा नऊपर्यंत अभ्यास आहे, नऊ वाजता येऊन तुझ्याजवळ बसतो." मग खरोखर नऊ वाजता येऊन बसा. हा शब्द पाळला गेला, की दार लावून बसण्याला कोणी तुसडेपणा म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे. नऊच्या आधी तुम्हाला कोणी हाक मारली तर काय सांगायचे, हे आईला आधीच माहीत असावे. तिने दिलेले उत्तर पाहुणे सहज मान्य करतात.

तुमच्या घरी येणे-जाणे सायंकाळीच जास्त असेल, तर दर वेळी झगडण्यापेक्षा समजून घ्यायचा कठीण विषय पहाटेकडे न्यावा आणि सायंकाळी उजळणी किंवा प्रश्नसंच ठेवावेत, कारण ते मध्येच सोडून पुन्हा धरता येतात. नातेवाईक "अजून किती वर्षे?" ऐवजी "परीक्षा जूनमध्येच ना?" असे विचारू लागले, की तुमचे सांगणे त्यांच्यापर्यंत पोहोचले असे समजा.