माल दिला नाही तर टोकन परत मिळेल असं कसं लिहून घ्यायचं?

"लग्नाच्या आहेरासाठी 400 चादरी सांगितल्या, 50 हजार टोकन दिलं, तारीख गेली तरी माल नाही. सप्लायर म्हणतो टोकन नॉन-रिफंडेबल असतं. खरंय का?"

नाही हो. टोकन बुडतं ते आपण माघार घेतली तर, आणि तेही तसं ठरलं असेल तरच. इथं चूक त्याची आहे, मग पैसे त्यानंच परत द्यायचे.

पण आपले सोलापुरातले लोक बिलावर नुसतं "50,000 जमा" लिहून घेतात आणि मग तारखेवरून वाद सुरू, सूत आलं नाही, लूम बंद होता वगैरे. पुढच्या वेळी ऑर्डरवरच असं लिहा:

"रु. 50,000 ही आगाऊ रक्कम आहे. डिलिव्हरीची तारीख हा या ऑर्डरचा मुख्य भाग आहे. 10 मे पर्यंत पूर्ण माल न मिळाल्यास खरेदीदार ऑर्डर रद्द करू शकेल आणि विक्रेता संपूर्ण रक्कम 7 दिवसांत परत करेल, त्यानंतर दरसाल 18 टक्के व्याज देईल. कच्चा माल न मिळणे हे कारण चालणार नाही."

म्हणजे एक महिना उशीर केला तर 750 रुपये जास्तीचे.

आणि एक, तारीख गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर "बरं, जमेल तेव्हा द्या" असं चुकूनही टाकू नका, तिथंच आपली तारीख ढिली पडते. मुदत वाढवायचीच असेल तर नवीन तारीख टाका आणि "बाकी अटी त्याच, उशिराच्या नुकसानीचा हक्क राखून" असं लिहा. करार कायद्याच्या कलम 55 मध्ये हेच आहे, उशिरा आलेला माल गुपचूप घेतला तर नंतर भरपाई मागता येत नाही.