थायरॉईड काढल्यावर कॅल्सिटोनिन का देत नाहीत?

प्रश्न: आम्ही निपाणीचे. आईची पूर्ण थायरॉईड बेळगावात काढली. थायरॉक्सिन चालू आहे, पण कॅल्सिटोनिन कुणी दिलं नाही. कॅल्शियम बिघडेल का?

उत्तर: कॅल्सिटोनिन नसल्यामुळे बिघडणार नाही, म्हणून तर ते देत नाहीत. मी इथे बेळगावात फिजिऑलॉजी शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. थायरॉईडच्या कूपांलगत असलेल्या पॅराफॉलिक्युलर पेशी रक्तातलं कॅल्शियम वाढलं की कॅल्सिटोनिन सोडतात. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना थोपवतं. पण मोठ्या माणसात हाडांची झीज-भर मुळातच संथ असते. जिथे हाडांतून कॅल्शियम थोडंच येतंय, तिथे ते थोपवून रक्तात फारसा फरक पडत नाही. जो पडतो, तो थायरॉईडमागच्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन लगेच भरून काढतं. उलटी बाजू बघा: पॅराफॉलिक्युलर पेशींच्या कॅन्सरमध्ये कॅल्सिटोनिन प्रचंड वाढतं, तरी कॅल्शियम सहसा नॉर्मलच राहतं.

एक मात्र आहे. ऑपरेशननंतर तोंडाभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, हातात गोळे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि कॅल्शियम तपासून घ्या. तेव्हा दुखावलेल्या असतात त्या थायरॉईडमागच्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी. नावं सारखी, म्हणून गोंधळ होतो.