यूट्यूबच्या कमाईसाठी भरलेली कर माहिती मंजूर झाली की नाही, हे कसे तपासावे

प्रश्न: माझ्या यूट्यूब चॅनलसाठी मी ॲडसेन्समध्ये अमेरिकेची कर माहिती भरली आहे. ती स्वीकारली गेली आहे की त्यात दुरुस्ती करावी लागेल, हे मला कुठे आणि कसे कळेल? मी भारतात राहतो आणि खाते वैयक्तिक आहे.

उत्तर: मी काही मराठी चॅनलांचे हिशेब पाहतो आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. फॉर्म स्वीकारला गेला की नाही आणि तो बरोबर भरला गेला की नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जण पहिली पाहून थांबतात. पैसे मात्र दुसरीमुळे जातात.

प्रथम स्थिती पाहावी. संगणकावरून ॲडसेन्स खात्यात प्रवेश करून `Payments` › `Payments info` › `Manage settings` या मार्गाने जावे. तेथे प्रोफाइलच्या भागात `United States tax info` असे शीर्षक दिसेल. त्याच्या शेजारचे पेन्सिलचे चिन्ह दाबून `Manage tax info` उघडावे. त्याच पानावर इतर देशांच्या कर माहितीचे विभागही असू शकतात, म्हणून अमेरिकेच्याच शीर्षकाखालची नोंद वाचत आहोत याची खात्री करून घ्यावी. तेथे `In review` दिसत असेल तर तपासणी चालू आहे आणि त्या काळात पुन्हा पुन्हा नवा फॉर्म भरण्यात काही हशील नाही. कागदपत्रे मागितली असतील किंवा फॉर्म नाकारला असेल, तर तसे तेथेच नमूद असते. `Approved` दिसल्यास फॉर्म स्वीकारला गेला आहे. ईमेलही येतो, परंतु त्यातील दुव्यावरून खात्यात जाऊ नये. याच विषयाचे बनावट ईमेल भरपूर फिरत असतात आणि खरी स्थिती खात्यात केव्हाही पाहता येते.

`Approved` हा शब्द एवढेच सांगतो की फॉर्ममधील माहिती तपासणीत टिकली. आपल्याला सवलतीचा दर मिळाला आहे, असे तो सांगत नाही. त्यासाठी त्याच पानावर दाखवलेले कपातीचे दर वाचावे लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात 1989 साली झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातील कलम 12 प्रमाणे भारतीय रहिवाशाला मिळणाऱ्या स्वामित्वधनावर, म्हणजे रॉयल्टीवर, अशा प्रकरणात 15 टक्क्यांपर्यंत कर लागतो. यूट्यूबची कमाई गूगल याच प्रकारात धरते. म्हणून चित्रपट व दूरचित्रवाणीच्या रॉयल्टीपुढे आणि इतर कॉपीराइटपुढे 15 टक्के दिसले पाहिजेत, तर सेवांपुढे 0 टक्के. यांपैकी एखाद्या ओळीपुढे 30 टक्के असतील, तर फॉर्म मंजूर असूनही त्या प्रकारासाठी कराराचा लाभ मागितलेला नाही किंवा मागणी ग्राह्य धरलेली नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी दुरुस्ती करावीच लागते, मग वर हिरव्या अक्षरांत काहीही लिहिलेले असो.

दर पाहून झाल्यावर प्रत्यक्ष कपातीशी तो ताडून पाहावा. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची तपासणी आहे, कारण येथे कोणत्याही शब्दाचा अर्थ लावावा लागत नाही. समजा, आपल्या चॅनलची एका महिन्याची अंतिम कमाई 600 डॉलर आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वगैरे ठिकाणच्या मराठी कुटुंबांमुळे त्यांपैकी 100 डॉलर अमेरिकेतील प्रेक्षकांकडून आले आहेत. कर केवळ या 100 डॉलरवर लागतो. भारतातील किंवा आखातातील प्रेक्षकांच्या 500 डॉलरना अमेरिकेचा कर लागू नाही. फॉर्म योग्य असेल आणि कराराचा दर लागला असेल, तर कपात 15 डॉलर होईल. फॉर्म मंजूर आहे पण कराराचा लाभ नाही, अशी स्थिती असेल तर 30 डॉलर कापले जातील. खात्यावर वैध फॉर्मच नसेल, म्हणजे तो नाकारला गेला असेल किंवा त्याची मुदत संपली असेल, तर वैयक्तिक खात्याच्या बाबतीत एकूण जागतिक कमाईवर 24 टक्के, म्हणजे 600 वर 144 डॉलर, एवढी कपात होऊ शकते. या तीन आकड्यांमध्ये एवढे अंतर आहे की कोणता प्रकार घडला, हे नुसत्या रकमेवरून ओळखता येते.

हे ताडण्यासाठी दोन ठिकाणचे आकडे लागतात. अमेरिकेतील कमाई यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये प्रगत अहवाल उघडून, भूगोलानुसार आणि त्या विशिष्ट महिन्यापुरती पाहावी. कापलेला कर मात्र ॲनालिटिक्समध्ये दिसत नाही. तो ॲडसेन्समधील व्यवहारांच्या यादीत वेगळ्या ओळीवर येतो, तोही महिन्याची कमाई अंतिम झाल्यावर, म्हणजे साधारणतः पुढील महिन्याच्या 7 ते 12 तारखेदरम्यान. जुलैची कपात 1 ऑगस्टला शोधून ती दिसली नाही म्हणून कर लागत नाही असा निष्कर्ष काढणारे अनेक जण भेटतात. ॲनालिटिक्समधील आकडे अंदाजित असल्यामुळे गणित डॉलर-सेंटपर्यंत जुळणार नाही. 15 च्या जागी 14 किंवा 16 आले तर बिघडले असे समजू नये. अमेरिकेतील एकही प्रेक्षक नसलेल्या महिन्यात कपात शून्य असते. मात्र त्या शून्यावरून फॉर्मच्या अचूकतेबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. भारतात राहणाऱ्या आणि अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व्यक्तीचा फॉर्म `W-8BEN` असतो. कंपनीसाठी `W-8BEN-E` असतो. एखाद्याने घाईत `W-9` निवडला असेल, तर त्याने आपण अमेरिकी करदाते असल्याचे लिहून दिले असा त्याचा अर्थ होतो आणि ती निवड ताबडतोब बदलावी लागते. फॉर्म भरताना शेवटी त्याची तयार प्रत समोर येते. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. त्या प्रतीत तीन ओळी पाहाव्यात. ओळ 6a मध्ये परदेशी कर क्रमांक म्हणून आपला दहा अक्षरांचा पॅन असावा. ओळ 9 मध्ये रहिवासाचा देश म्हणून भारत असावा. ओळ 10 मध्ये कराराचे कलम आणि दर असावा. पॅन राहिला किंवा त्यातील एखादे अक्षर चुकले, तर कराराची मागणी टिकत नाही आणि दर 30 टक्क्यांवर जातो. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल येथे हमखास होते. पॅनमध्ये पहिली पाच आणि शेवटचे एक अशी अक्षरे असतात, तर मधले चार अंक असतात, एवढे लक्षात ठेवले तरी ती चूक पकडता येते.

कागदपत्रे मागितली जाण्याचे किंवा फॉर्म नाकारला जाण्याचे आपल्याकडील नेहमीचे कारण म्हणजे नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पॅनवर तिन्ही, बँकेत दोन आणि ॲडसेन्सच्या प्रोफाइलवर आद्याक्षरे, असा प्रकार सर्रास आढळतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर पॅन माहेरच्या नावाने आणि बँक खाते सासरच्या नावाने असते. फॉर्मवर पॅनवरचेच नाव लिहावे आणि प्रोफाइल व बँक खात्यातील नावही शक्यतो त्याच्याशी जुळवून घ्यावे. चॅनलचे नाव व्यक्तीच्या नावाच्या जागी कधीही लिहू नये. पत्त्याच्या बाबतीतही एक खोच आहे. कायमच्या रहिवासाच्या पत्त्यात टपालपेटीचा क्रमांक किंवा `C/o` चालत नाही, आणि भाड्याने राहणारे जवळजवळ सर्वजण घरमालकाच्या नावापुढे सवयीने `C/o` लिहितात. तेवढे काढून घर क्रमांक, इमारत, रस्ता आणि पिनकोड लिहिला की पुरते.

सादर केलेल्या फॉर्ममधील एकच रकाना दुरुस्त करता येत नाही. त्याच `Manage tax info` पानावरून नवा फॉर्म पूर्ण भरावा लागतो आणि मंजुरीनंतर तो जुन्याची जागा घेतो. सेवा अमेरिकेबाहेरून दिल्या जातात, अशा अर्थाचे विधान त्यात येते. आपण भारतात बसून व्हिडिओ बनवत असाल तर ते खरेच असते. या खात्यात पूर्वी पैसे आले आहेत का, असेही विचारले जाते. पैसे आले असतील तर तसे मान्य करावे आणि तेव्हाची परिस्थितीही हीच होती का, याचे उत्तर वस्तुस्थितीप्रमाणे द्यावे. त्यावर स्वाक्षरी असते आणि ते प्रतिज्ञेवरचे निवेदन आहे, हे विसरू नये.

दुरुस्ती कधी होते यालाही महत्त्व आहे. वरच्या उदाहरणात जानेवारीपासून दरमहा 15 ऐवजी 30 डॉलर कापले गेले असतील आणि योग्य फॉर्म ऑगस्टमध्ये मंजूर झाला, तर त्याच कॅलेंडर वर्षातील जादा कपात ॲडसेन्सच्या खात्यात परत जमा होऊ शकते. वर्ष उलटल्यावर तो मार्ग बंद होतो आणि परतावा अमेरिकेच्या कर खात्याकडे विवरणपत्र भरून मागावा लागतो. दरमहा 15 डॉलरसाठी तो खटाटोप परवडत नाही. आपले आर्थिक वर्ष मार्चला संपते म्हणून दुरुस्ती तोपर्यंत लांबणीवर टाकू नये. येथे हिशेब डिसेंबरचा आहे.

वर्षभराच्या कपातीचा दाखला `1042-S` या नावाने पुढील वर्षी साधारण मार्च-एप्रिलमध्ये मिळतो. त्यातील रकाना 2 मध्ये अमेरिकेतील एकूण कमाई, 3b मध्ये दर आणि 7a मध्ये कापलेला कर असतो. 3b मध्ये `15.00` असेल तर कराराचा दर लागला होता. हा दाखला जपून ठेवावा, कारण भारतातील विवरणपत्रात परदेशात भरलेल्या कराची वजावट मागताना तो पुरावा म्हणून लागतो. अमेरिकेत कर कापला गेला म्हणून ती कमाई भारतात करमुक्त होत नाही. ती पूर्ण दाखवून मग वजावट मागायची असते.

मंजूर फॉर्मलाही मुदत असते. ज्या वर्षी स्वाक्षरी केली, त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत `W-8BEN` सामान्यतः चालतो. 2024 मध्ये केव्हाही भरलेला फॉर्म 31 डिसेंबर 2027 पर्यंत वैध राहील. त्याआधीच पत्ता, नाव किंवा राहण्याचा देश बदलला, तर मुदतीची वाट न पाहता नवा फॉर्म भरावा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या आणि तेथूनच चॅनल चालवणाऱ्यांचे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्यांनी वरील दर आपल्याला लागू आहेत असे न धरता तेथील कर सल्लागाराला विचारूनच फॉर्म निवडावा.