कमिशनची सुरुवात: वसुली धरा, क्रेडिट नोट वेगळी काढा

विक्री प्रतिनिधींच्या कमिशनचा हिशोब बसवताना सुरुवातीला एकच नियम लावा: कमिशन वसूल रकमेवर, तेही कर वगळून. स्लॅब, टार्गेट नंतर बघू.

समजा माल १,००,०००, कर १०%, बिल १,१०,०००, कमिशन २%. पहिल्या महिन्यात ५५,००० आले, म्हणजे करपूर्व ५०,०००, कमिशन १,०००. पुढच्या महिन्यात २०,००० चा माल परत आला, २२,००० ची क्रेडिट नोट झाली आणि उरलेले ३३,००० जमा झाले. कमिशन ३०,००० वर, ६००.

नवखे इथेच फसतात. क्रेडिट नोट बिलाला लावली की बाकी शून्य होते, आणि रिपोर्ट पूर्ण ५५,००० वसूल धरून १,००० दाखवतो. म्हणून बिलाचं स्टेटस नको, पावतीच्या नोंदी घ्या आणि त्यांची बेरीज बँकेच्या जमेशी ताडून पाहा.

पूर्ण वसुलीनंतर माल परत आला, तर बंद केलेला महिना उघडू नका; मूळ बिलाचा क्रमांक देऊन चालू महिन्याच्या कमिशनमध्ये वजा ओळ टाका.