कॅट, कट, कार्ट: जपानी कानाला तिन्ही ‘आ’

प्रश्न: आमच्या कंपनीत दोन-तीन जपानी सहकारी आहेत. त्यांच्या तोंडी कॅट, कट आणि कार्ट यांतला स्वर मला एकच वाटतो. हॅट म्हणताहेत की हट, हेही कळत नाही. आपल्याला हे तीन स्वर सहज वेगळे ऐकू येतात, मग त्यांनाच एवढं जड का जातं? यावर काही उपाय?

उत्तर: जपानीत स्वर पाचच: आ, इ, उ, ए, ओ. शिवाय प्रत्येकाचं ऱ्हस्व आणि दीर्घ रूप. जबडा खाली आणून उच्चारायचा त्यांचा स्वर एकच, तो ‘आ’. त्याच जागेत इंग्रजीने तीन स्वर बसवले आहेत. कॅटमध्ये जीभ पुढे सरकते आणि जबडा बराच उघडतो. कटमध्ये जीभ मध्यावर सैल पडलेली असते आणि तोंड जेमतेम उघडतं. कार्टमध्ये तोंड उघडं, पण जीभ मागे ओढलेली. जपानी ‘आ’ या तिघांच्या मधोमध कुठेतरी पडतो. त्यामुळे तिघांपैकी कोणताही कानावर आला, तरी त्याची नोंद ‘आ’ अशीच होते.

पण तुम्ही नेमके हेच तीन शब्द घेतलेत, त्यात एक गंमत आहे. जपानी लिपीत ते चक्क वेगळे लिहितात: क्यात्तो, कात्तो आणि काऽतो. (यातले ‘आ’ आखूड समजा, अवग्रह आहे तिथे लांब.) कार्टला दीर्घ स्वर दिला. कटमध्ये स्वर आखूड राहावा म्हणून पुढचा ‘त’ दुप्पट केला. आणि कॅटचा वेगळेपणा स्वरात दाखवता येईना, म्हणून तो व्यंजनावर ढकलला, क चा क्य केला. हे अगदीच मनमानी नाही. कॅटसारख्या, जीभ पुढे सरकणाऱ्या स्वराआधी ‘क’ म्हणताना जीभ टाळूला थोडी पुढे टेकते आणि कानाला ‘य’ची झाक लागते. आपणही ॲची चंद्रकोर रुळण्याआधी ब्यांक आणि म्यानेजर लिहीत होतोच. युक्ती तीच, फक्त आपण ती ब आणि म लाही लावली.

जपानीत मात्र ही सोय क आणि ग यांच्यापुरतीच. बाकी व्यंजनांनंतर सगळं एका ‘आ’त जातं. हॅट म्हणजे ‘हात्तो’, आणि पिझ्झा हटमधला हटही ‘हात्तो’. मालवाहू ट्रक आणि धावण्याचा ट्रॅक, दोन्हींना ‘तोराक्कु’. खेळाडूचा फॅन ‘फान’ आणि मजेचा फनही ‘फान’. लहानपणापासून हे शब्द जपानी म्हणूनच कानावर पडलेले असतात. पुढे इंग्रजी शिकताना विद्यार्थ्याला ते नवे वाटत नाहीत, आणि जुनाच उच्चार नव्या भाषेत चालू राहतो. खरी अडचण पाहायची असेल तर कॅट-कट सोडून हॅट-हट किंवा बॅट-बट घ्या.

आता कानाचं. हा निष्काळजीपणा नाही, आणि जिभेचा दोषही नाही. तान्ह्या बाळाला जगातल्या बऱ्याच भाषांमधले बारीक फरक ऐकू येतात. आपल्या भाषेला ज्यांची गरज नाही, त्यांच्याकडे कान पहिल्याच वर्षात दुर्लक्ष करायला लागतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मराठी माणसाला चटकन पटावा, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वापरले होते. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना. आपल्याला त आणि ट एक कसे वाटू शकतात हे कळत नाही, आणि इंग्रजांना ते वेगळे कसे ऐकू येतात हे कळत नाही. तुमच्या जपानी सहकाऱ्यांचं हॅट-हटच्या बाबतीत तेच झालं आहे.

मग आपण कसे सुटलो? आपला अ आणि आ यांत फरक फक्त लांबीचा नाही, जीभ आणि जबड्याची ठेवणही निराळी असते. त्यामुळे कटसाठी अ आणि कार्टसाठी आ आपल्याकडे तयारच होते. ॲ इंग्रजी शब्दांबरोबर आला आणि रुजला. यात आपली हुशारी काही नाही, योगायोग आहे. वेस्ट म्हणजे पश्चिम की बनियन, हे आपल्या उच्चारावरून इंग्रजांनाही कळत नाही.

जपानी माणसाला लांबी बरोबर ऐकू येते, मग निदान कार्ट तरी नीट कळायला हवा, असं वाटेल. तिथेही एक खोडा आहे. इंग्रजीत शेवटी प, ट, क असले की आधीचा स्वर आखडतो. कार्डमधला आ ऐसपैस, कार्टमधला बराच तोकडा. लंडनकडच्या बोलीत तर र उच्चारतच नाहीत. म्हणजे र गेला, लांबी घटली, उरला फक्त स्वराचा रंग, आणि नेमका तोच त्यांना दिसत नाही. अमेरिकन माणूस र वळवून बोलतो, तिथे कार्ट सुटा पडतो.

उपायाआधी बिघाड कानात आहे की तोंडात, ते पाहा. एका कागदावर टोपीचं चित्र काढा, दुसऱ्यावर झोपडीचं. सहकाऱ्याला तुमचे ओठ दिसणार नाहीत असे बसा आणि हॅट, हट असे वीस शब्द कसल्याही क्रमाशिवाय म्हणा. त्याने चित्रावर बोट ठेवायचं. दहाच्या आसपास बरोबर आले तर तो अंदाजच करतोय. अशा वेळी उच्चार घोटून घेण्यात अर्थ नाही, आधी कान तयार करायला हवा. सतरा-अठरा बरोबर आले आणि तरी बोलताना गोंधळ होत असेल, तर जबडा-जिभेची सवय लावायची.

कानाची तयारी ट वर संपणाऱ्या शब्दांनी सुरू करू नका, वर सांगितलेल्या आखडण्यामुळे ते सगळ्यात अवघड. बॅड, बड, बार्ड घ्या; तिथे स्वर लांबतो आणि त्याचा रंग ऐकायला सवड मिळते. आवाजही एकाच माणसाचा नको. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी र आणि ल शिकवण्याच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं, की एकाच आवाजावर तयार झालेला कान नव्या माणसापुढे अडखळतो, अनेक आवाजांवर तयार झालेला अडखळत नाही.

तोंडासाठी आरशासमोर बसवा. कॅटसाठी आधी ‘ए’ म्हणायला सांगा आणि जीभ मागे न नेता हनुवटी खाली सोडायला लावा. कटसाठी त्यांचा नेहमीचा ‘आ’च, पण तोंड निम्मं मिटून आणि झटक्यात. कार्टसाठी घसा दाखवताना डॉक्टरांपुढे करतो तसा ‘आ’. कटमध्येच बहुतेक जण अडतात, कारण सवयीने जबडा पूर्ण उघडतो. हनुवटीखाली बोट धरलं तर ते लगेच कळतं: कटला बोट जरासं खाली जायला हवं, कॅट आणि कार्टला चांगलंच.

एक पथ्य मात्र पाळा, नमुना एकाच बोलीचा ठेवा. उत्तर इंग्लंडचा माणूस कट म्हणताना आपल्या ‘उ’कडे झुकतो. त्याचं ऐकून सराव केला आणि बैठकीत अमेरिकन माणूस समोर आला, तर विद्यार्थी पुन्हा चाचपडतो.