झडती चुकली म्हणजे मुद्देमाल बाद होतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

भावाच्या कपाटातून पोलिसांनी गावठी कट्टा काढला. वॉरंट नव्हतं आणि झडतीची कारणंही आधी लिहिलेली नव्हती. झडतीच बेकायदा असेल तर कट्टा पुराव्यात येणारच नाही, बरोबर ना?

नाही, येतो. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा आपोआप बाहेर जातो, हा समज बहुतेकदा अमेरिकी मालिकांतून आलेला असतो. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. प्राप्तिकर छाप्यांवरच्या पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं की पुरावा मुद्द्याशी संबंधित असेल आणि कायद्याने तो स्पष्टपणे वर्ज्य केलेला नसेल, तर झडती चुकीची होती एवढ्यावर तो नाकारता येत नाही. त्याआधी १९६२ मध्ये, एका पोस्टमनच्या घरझडतीवरून गेलेल्या राधाकिशन खटल्यात, अशा चुकीचा परिणाम किती ते न्यायालयाने ठरवून दिलं होतं: जप्तीचा पुरावा न्यायालय अधिक बारकाईने तपासेल. त्यामुळे जप्ती रद्द होत नाही.

म्हणून कट्टा येऊ नये यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. तो खरोखर त्या कपाटात होता का, यावर भांडा. आणि इथे न लिहिलेली कारणं कामाला येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ नुसार वॉरंटशिवाय झडती घेण्याआधी अधिकाऱ्याने केस डायरीत दोन गोष्टी लिहायच्या असतात: वस्तू तिथेच सापडेल आणि विनाविलंब दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही असं त्याला का वाटतं, आणि शक्य तितकं, ती वस्तू कोणती. या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. समजा, झडती तीन तारखेला संध्याकाळी सहाला झाली. म्हणजे नोंद पाच तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत निघायला हवी. ती नऊ तारखेला पोचली असेल, तर मधल्या दिवसांत ती मागाहून लिहिली गेली का, हा प्रश्न विचारायला जागा मिळते. मागाहून लिहिलेली नोंद पुष्कळदा स्वतःच बोलते. खबर फक्त 'हत्यार आहे' एवढीच होती आणि नोंदीत मात्र 'काळ्या मुठीचा कट्टा' असेल, तर हे तपशील आधी कसे कळले ते अधिकाऱ्याला विचारा.

घराचा मालक किंवा राहणारा म्हणून भावाला या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मोफत मिळते. अर्ज आताच करा, दोषारोपपत्राची वाट पाहू नका. सोबत कपाटाची किल्ली कुणाकडे होती आणि खोली आणखी कोण वापरत होतं, हेही लिहून ठेवा. बहुतेक घरझडतीच्या खटल्यांत खरा वाद वॉरंटचा नसतो, ताब्याचा असतो.

पंचनाम्यावरचे दोन्ही पंच पोलीस ठाण्यासमोरच्या टपरीवरचे. त्यातला एक साक्षीत फितूर झाला. केस संपली का?

एवढ्यावर संपत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १०३ म्हणतं की पंच दोन किंवा जास्त, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित, आणि शक्यतो त्याच वस्तीतले असावेत. तिथे कुणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या वस्तीतले चालतात. म्हणून बाहेरचा पंच हा दोष नाही. कुणाकुणाला विचारलं आणि कोण नाही म्हणालं याचा पंचनाम्यात उल्लेखच नसणं, हा दोष. फितूर पंचाचंही तसंच. अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय तेवढ्यावरही जप्ती मानू शकतं.

ती विश्वासार्ह आहे का, हे कागदावरच्या वेळांवरून कळतं. एक नमुना घेऊ. ठाणे दैनंदिनीत पथक १७.०५ ला निघाल्याची नोंद आहे. घर चौदा किलोमीटर लांब. पंचनामा १७.१० ला सुरू, १७.४० ला संपला. तीन खोल्या तपासल्या, नऊ वस्तूंची यादी केली, मोहोरबंद केल्या, लेबलांवर सह्या घेतल्या. हे अर्ध्या तासात बसत नाही आणि चौदा किलोमीटर पाच मिनिटांत जात नाहीत. अशा वेळी फितूर पंच 'सही ठाण्यात घेतली' म्हणाला, तर त्याच्या बोलण्याला कागदाचा आधार मिळतो. उलटतपासणीत आधी या वेळा कबूल करून घ्या आणि विसंगती नंतर दाखवा. आधीच दाखवलीत तर साक्षीदाराला 'लिहिण्यात चूक झाली' म्हणायची सवड मिळते.

अमली पदार्थांच्या केसमध्ये अंगझडती चुकली तर आरोपी सुटतो असं ऐकलं. माझ्या अशिलाच्या खिशात ४० ग्रॅम चरस आणि पाठीवरच्या बॅगेत २१ किलो गांजा दाखवला आहे.

खिसा आणि बॅग वेगळे धरा. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी आरोपीला सांगावं लागतं की जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी, असा त्याचा हक्क आहे. बलदेवसिंग (१९९९) खटल्यात आणि नंतर २०१० च्या विजयसिंह जडेजा निकालात घटनापीठाने हे सांगणं बंधनकारक ठरवलं. हक्क न सांगता अंगावर सापडलेल्या मालावरच शिक्षा टिकत नाही. नोटिशीत 'किंवा आमच्याच पथकातल्या अधिकाऱ्यासमोर' असा तिसरा पर्याय घातला असेल, किंवा दोन आरोपींना एकत्र विचारलं असेल, तर परमानंद (२०१४) निकाल तुमच्या बाजूचा आहे. ४० ग्रॅम चरस यातून गळू शकतो.

बॅग मात्र 'अंग' नाही. रंजनकुमार चढ्ढा (२०२३) खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की सोबत अंगझडती झाली असली तरी बॅगेतल्या मालाला कलम ५० लागू होत नाही. आणि चरस गेल्याने अशिलाला फारसं मिळत नाही, कारण चरसाची लहान मात्रा १०० ग्रॅमपर्यंत असते, तर गांजाची व्यापारी मात्रा २० किलोच्या वर सुरू होते. २१ किलोला जामीनही कलम ३७ मुळे अवघड.

इथे वजनाकडे पाहा. २१ किलो हे पिशवी, गोणीसकट का? कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. गोणीचं वजन आणि नुसती पानं वजा करून आकडा २० च्या आत आला, तर जामिनाचं गणितच बदलतं. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ५२-अ खाली झालेली मोजणी आणि जागेवरचा पंचनामा यांतले आकडे शेजारी ठेवून तपासा.

झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे ना? आमच्याकडे झालंच नाही.

सक्तीचं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार यादी करणं आणि पंचांच्या सह्यादेखील चित्रीकरणात याव्या लागतात आणि ध्वनिचित्रमुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. पण ते झालं नाही तर काय, हे कलमात लिहिलेलं नाही. म्हणून 'चित्रीकरण नाही, तर जप्ती रद्द' असा अर्ज करून फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही. प्रत्येक पोलिसाच्या खिशात मोबाईल असताना चित्रीकरण का झालं नाही, याचं कारण केस डायरीत आहे का, हे मात्र जरूर विचारा. फाईल सादर झालीच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि त्यातली हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलची डिजिटल खूण, फाईलशी ताडून पाहा. चित्रीकरण मधेच तुटलेलं असेल, तर कपाट उघडण्याचा क्षण त्यात आहे की नाही, हे आधी बघा.